नॉर्मल वक्राला पुन्हा कुठे भेटतो? लेकीचं उत्तर वक्रावर बसतंय, तरी चूक

शीतल_बोरिवली | सोमवार, रात्री १०:४०

लेक बारावी सायन्सला आहे. मी कॉमर्सवाली, त्यामुळे डेरिव्हेटिव्ह म्हटलं की माझी पाटी कोरी. क्लासच्या टेस्टमध्ये प्रश्न होता: y = x² या वक्राला (1, 1) या बिंदूपाशी काढलेला नॉर्मल वक्राला पुन्हा कुठे छेदतो?

तिने लिहिलं (-1/2, 1/4). चारपैकी एक मार्क. उत्तरपत्रिकेवर फक्त लाल फुली, शेरा काहीच नाही. आन्सर-की म्हणते (-3/2, 9/4). लेकीचं म्हणणं, "आई, मी ताळा केला होता. अर्ध्याचा वर्ग पाव, म्हणजे बिंदू वक्रावर आहेच ना?" ते तर मलाही पटतं.

मग तिने आलेखकागदावर काढून पाहिलं. आडव्या अक्षावर २ सेंमीला १, उभ्यावर १ सेंमीला १. आन्सर-कीची रेघ स्पर्शिकेशी काटकोन करतच नाही. कोनमापक लावला तर ५९ अंश येतात! आता तिची खात्रीच झालीय की की चुकीची आहे. उद्या क्लासला जाऊन भांडणार आहे. त्याआधी कुणीतरी सांगा, चूक कुणाची?

गणू_ठाकुर्ली | रात्री १०:५८

चूक लेकीची. चिन्ह खाल्लंय तिने.

डेरिव्हेटिव्ह 2x, म्हणजे (1, 1) पाशी टँजंटचा स्लोप 2. नॉर्मलचा स्लोप -1/2. तिने नक्की 1/2 घेतला असणार. उलटा केला, पण ऋण करायला विसरली.

y - 1 = -(x - 1)/2 ही रेघ. y च्या जागी x² टाका, 2x² + x - 3 = 0 येतं. त्याचे अवयव (x - 1)(2x + 3). x = 1 तर आधीच माहीत होतं, दुसरं x = -3/2. संपलं.

वर्गाचं समीकरण असेल तर असे दोन बिंदू मिळणारच, घनाचं असेल तर तीन. कधीही करून बघा.

टी_स्क्वेअर | रात्री ११:२०

भांडुपच्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं ड्रॉइंग बोर्डावर काढली आहेत, त्यामुळे राहवत नाही. गणू, घाई झाली तुमची. दिलेल्या बिंदूतून पॅराबोलावर एक नाही, तीन लंब पडू शकतात. आमच्याकडे पॅराबोलिक छपराच्या शेडचं काम होतं. मधोमध टांगलेल्या दिव्यापासून छपरापर्यंत सगळ्यात आखूड दांडी कोणती, हे मला काढायचं होतं. दिवा एका ठरावीक मापापेक्षा शेंड्यापासून लांब गेला की सरळ उभी दांडी सर्वात आखूड राहतच नाही, दोन्ही बाजूंच्या तिरक्या दांड्या तिच्यापेक्षा आखूड भरतात. तेव्हा मुलीचं उत्तरही बरोबर असू शकेल.

शीतल_बोरिवली | रात्री ११:३१

काका, बिंदू बाहेरचा नाही हो. (1, 1) हा वक्रावरचाच बिंदू आहे. तिथेच काटकोनात रेघ उभी करायची आणि ती वक्राला दुसरीकडे कुठे भेटते ते शोधायचं.

टी_स्क्वेअर | रात्री ११:४४

अच्छा. बिंदूपाशी, बिंदूतून नव्हे. चष्मा न लावता वाचलं. मग मुलीचं उत्तर बाद.

पण तिला कागदावरच पाहायचं असेल तर आमची बोर्डावरची युक्ती सांगतो, कोनमापक लागणार नाही. y = x² वर कोणताही बिंदू घ्या. त्याची उंची उभ्या अक्षावर नेऊन खूण करा. त्या खुणेच्या वर आणखी अर्धा एकक मोजून दुसरी खूण करा. ही वरची खूण आणि तो बिंदू जोडले की नॉर्मल तयार. बिंदू कुठलाही असो, तो अर्धा बदलत नाही. (1, 1) साठी अक्षावरची खूण 1.5 वर. तिथून रेघ डावीकडे वाढवा, -1.5 ला 2.25 उंचीवर वक्र गाठेल.

एकच अट. दोन्ही अक्षांना माप सारखं हवं. एकीकडे २ सेंमी आणि दुसरीकडे १ सेंमी घेतले की काटकोन कागदावर काटकोन राहत नाही. तुमचे ५९ अंश तिथूनच आले.

परळच्या_बाई | मंगळवार, सकाळी ६:१०

पहाटे उठायची सवय नोकरी सुटली तरी सुटत नाही.

टी_स्क्वेअर यांनी मापाचं बरोबर धरलं. कागदावर उंची निम्मी झाल्याने 2 चा चढ 1 दिसतो, म्हणजे ४५ अंश. -1/2 चा -1/4 दिसतो, म्हणजे आडव्या रेषेच्या खाली १४ अंश. दोन्ही मिळून ५९. मुलीने मोजलं अचूक, कागदाने फसवलं. मोबाइलवर आलेख काढणारी मुलंही इथेच फसतात, कारण चित्र पडद्यात मावावं म्हणून दोन अक्षांची मापं वेगवेगळी होतात.

आता तिच्या ताळ्याबद्दल, कारण मला तोच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. (1, 1) मधून जाणारी कुठलीही तिरकी रेघ घ्या. स्पर्शिका सोडली तर ती y = x² ला आणखी एका बिंदूत छेदतेच. चढ चुकीचा घेतला तरी पुढचं सगळं समीकरण नीट सुटतं आणि मिळालेला बिंदू वक्रावरच बसतो. म्हणून "वक्रावर आहे का" हा ताळा चढातली चूक कधीच पकडणार नाही. तो फक्त आकडेमोडीतली चूक पकडतो.

खरा ताळा असा. मिळालेला बिंदू आणि (1, 1) जोडा, त्या रेघेचा चढ काढा आणि स्पर्शिकेच्या चढाने गुणा. -1 यायला हवं. तिच्या बिंदूचा चढ 3/4 भागिले 3/2, म्हणजे 1/2. त्याला 2 ने गुणलं की 1 येतं. नापास. कीच्या बिंदूसाठी 5/4 भागिले -5/2, म्हणजे -1/2. गुणाकार -1. पास. आणि नुसत्या डोळ्यालाही कळतं: स्पर्शिका उजवीकडे चढतेय, म्हणजे अभिलंब उजवीकडे उतरायला हवा आणि डावीकडे जाताना वर चढायला हवा. तिचा दुसरा बिंदू पहिल्यापेक्षा खाली आहे, तिथेच शंका यावी.

शीतल_बोरिवली | रात्री ९:१५

बाई, काका, गणू, तिघांचे आभार. लेक क्लासला भांडली नाही. सारखं माप घेऊन नवा कागद केला, एका एककाला २ सेंमी. काकांची युक्ती तिला इतकी आवडली की रात्रीचं जेवण बाजूला ठेवून वेगवेगळ्या बिंदूंवरून रेघा मारत बसली. बिंदूचा x समजा a, तर रेघ डावीकडे कुठे पोचते ते तिने लिहून ठेवलंय. मी जसंच्या तसं टाकते:

```
a = 2     ->  x = -2.25
a = 1     ->  x = -1.5
a = 0.5   ->  x = -1.5
a = 0.25  ->  x = -2.25
a = 0.1   ->  x = -5.1
```

आता ती म्हणते की काहीतरी चुकलंय. 1 आणि 0.5 वरून निघालेल्या रेघा एकाच जागी कशा पोचतील? 2 आणि 0.25 चंही तेच. शेवटची तर कागदाबाहेर गेली, ती तिने गणिताने काढली.

परळच्या_बाई | रात्री ९:५०

काहीही चुकलेलं नाही. उलट पोरीने धड्यात नसलेली गोष्ट शोधलीय.

a या अक्षरानेच गणित करा. वक्रावरच्या a आणि x या दोन ठिकाणांना जोडणाऱ्या रेघेचा चढ (x² - a²)/(x - a), म्हणजे सरळ x + a. तो अभिलंबाच्या चढाइतका हवा. म्हणून

```
x + a = -1/(2a)
x = -a - 1/(2a)
```

वर्गसमीकरण सोडवायची गरजच पडली नाही, कारण माहीत असलेलं मूळ (x - a) ने भागून आधीच बाहेर काढलं. परीक्षेतही असंच करावं. सूत्र लावत बसणारी मुलं विवेचक काढतात, वर्गमूळ काढतात आणि मग दोनपैकी कुठलं उत्तर घ्यायचं यावर अडतात.

आता उजव्या बाजूचे दोन तुकडे बघा. a मोठा असला की पहिला तुकडा रेघेला लांब पोचवतो. a लहान असला की दुसरा तुकडा लांब पोचवतो: शेंड्याजवळ अभिलंब जवळजवळ उभा असतो आणि वक्राला गाठायला त्याला खूप वर जावं लागतं. a शून्य झाला की रेघ अगदी उभी, ती पुन्हा कधीच भेटत नाही. म्हणजे a मोठ्यापासून लहानाकडे नेला की पोचण्याची जागा आधी आत येते, कुठेतरी थांबते आणि परत बाहेर जाते. जाताना आणि येताना ती त्याच जागांवरून जाणार, म्हणून जोड्या. प्रत्येक जोडीचा गुणाकार करायला सांगा तिला.

शीतल_बोरिवली | रात्री १०:०५

1 गुणिले 0.5, अर्धा. 2 गुणिले 0.25, अर्धा! 😮

आणि थांबते कुठे?

परळच्या_बाई | रात्री १०:२०

जोडीतले दोघे एकच होतात तिथे. a चा वर्ग अर्धा, म्हणजे a = 1/√2, साधारण ०.७०७. त्याची रेघ x = -√2 ला पोचते, साधारण -१.४१४. उजव्या बाजूवरून निघालेला कोणताही अभिलंब याच्या आत उतरत नाही. डाव्या बाजूवरून निघालेल्यांचंही तसंच, आरशातलं. म्हणजे पॅराबोलाचा -√2 पासून √2 पर्यंतचा मधला भाग असा की तिथून अभिलंब निघतात, पण दुसरीकडून येऊन तिथे कुणी पोचत नाही. लेकीचं टेस्टमधलं -1/2 त्याच भागात आहे. त्यामुळे आकडेमोड न तपासताही म्हणता येतं की y = x² च्या कुठल्याच अभिलंबाचं ते उत्तर असू शकत नाही.

रात्रपाळी | बुधवार, पहाटे २:४०

कामावर बसून वाचतोय. कोऑर्डिनेटवाल्यांना हे वेगळ्या कपड्यात माहीत असेल: y² = 4ax वर t₂ = -t₁ - 2/t₁. आम्ही ते घोकलं होतं, पण मधली मोकळी जागा कुणी दाखवली नव्हती.

या विषयाची माझी जखम सांगतो. २०१५ च्या जेईई मेनला प्रश्न होता: x² + 2xy - 3y² = 0 या वक्राचा (1, 1) पाशी नॉर्मल वक्राला पुन्हा भेटतो का, आणि भेटत असेल तर कोणत्या चरणात. मी डेरिव्हेटिव्ह काढलं, x + y = 2 आलं, मग y च्या जागी 2 - x घालून आकडेमोडीत अडकलो आणि सोडून दिला. घरी येऊन कळलं की ते (x - y)(x + 3y) आहे. वक्र कसला, दोन सरळ रेघा! (1, 1) पहिल्या रेघेवर. तिचा नॉर्मल तिला पुन्हा कसा भेटेल? तो दुसऱ्या रेघेला (3, -1) मध्ये भेटतो. चौथं चरण. दोन मिनिटांचं काम होतं.

गणू_ठाकुर्ली | सकाळी ८:५२

ट्रेनमधून लिहितोय, दिव्याला उभी आहे. म्हणजे मी म्हणालो तेच, दोन घात तर दोन बिंदू. घनाला तीन. y = x³ वर (1, 1) घ्या, एक स्वतः आणि दोन नवे.

परळच्या_बाई | सकाळी ११:३०

गणू, तेवढं करूनच बघायचं होतं. स्पर्शिकेचा चढ 3, अभिलंबाचा -1/3. जोडणाऱ्या रेघेचा चढ x² + x + 1 येतो. तो -1/3 हवा, म्हणजे x² + x + 4/3 = 0. विवेचक 1 - 16/3, ऋण. एकही नवा बिंदू नाही.

समीकरण न मांडताही दिसतं. y = x³ डावीकडून उजवीकडे सतत चढतो. त्यावरचा अभिलंब सतत उतरतो. चढणारा आणि उतरणारी एकदा भेटले की पुन्हा भेटायचे नाहीत. नुसत्या घातावरून बिंदू मोजणं हे "जास्तीत जास्त किती" एवढंच सांगतं. y = x³ - x ला मात्र उतार आहे. तिथे (0, 0) पाशी अभिलंब y = x, तो ±√2 ला दोन नवे बिंदू देतो. तुमचं तीनचं गणित तिथे जमतं.

गणू_ठाकुर्ली | दुपारी १:१०

मान्य. पण "पुन्हा छेदतो" असं प्रश्नात लिहिलेलं असलं की छेदणारच असं धरायला काय हरकत आहे? परीक्षेत एवढा विचार कोण करतो.

रात्रपाळी | दुपारी १:४०

जेईईवाल्या त्या प्रश्नात "पुन्हा भेटत नाही" हा एक पर्याय होता, गणूशेठ.

टी_स्क्वेअर | संध्याकाळी ७:०५

माझ्या जुन्या बोर्डावर मीही रेघा मारल्या, एका एककाला २ सेंमी घेऊन. वक्राच्या आत येणाऱ्या तुकड्यांची लांबी मोजली. a = 1 चा ५.६ सेंमी भरला, a = 0.5 चा ५.६५, आणि ०.७ च्या जवळचा ५.२. त्याच्यापेक्षा आखूड काही सापडत नाही. म्हणजे बाईंची रेघ जिथे थांबून मागे फिरते, तोच सर्वात आखूड तुकडा. हा योगायोग की काही कारण आहे? मी सूत्रवाला माणूस नाही, हाताने समजेल असं सांगा.

परळच्या_बाई | रात्री ८:३०

योगायोग नाही, आणि तुम्हाला हातानेच समजेल. तो तुकडा म्हणजे एक काठी समजा. उजवं टोक वक्रावर जरासं सरकवलं. ते सरकतं स्पर्शिकेच्या दिशेने, आणि काठी तर स्पर्शिकेला काटकोनात आहे. काठीला काटकोनात टोक किंचित हललं तर लांबी जवळजवळ बदलत नाही, काठी फक्त वळते. म्हणजे लांबी बदलणार ती डाव्या टोकामुळेच. डावं टोक जिथे मागे फिरताना क्षणभर थांबतं, तिथे लांबीही थांबते. आत येताना काठी आखूड होत होती, बाहेर जाताना लांब होणार.

यात पॅराबोलाचा काही संबंध आला नाही, त्यामुळे दुसऱ्या वक्रांवरही पोचण्याची जागा मागे फिरते तिथे लांबी थबकते. उलट मात्र धरू नका. लंबवर्तुळाचा छोटा अक्ष घ्या: तिथे डावं टोकही काठीला काटकोनात सरकतं, म्हणून ते चालू असूनही लांबी थबकते.

गणिताने लांबी (3√3)/2 एकक येते, साधारण २.५९८. दुप्पट केली की तुमचे ५.२ सेंमी. बोर्ड अजून शाबूत आहे तुमचा.

रात्रपाळी | रात्री ११:१५

त्याच तुकड्याची दोन टोकं शेंड्याला जोडली तर तिथे काटकोन होतो. (1/√2, 1/2) आणि (-√2, 2): x चा गुणाकार -1, y चा 1, बेरीज शून्य. क्लासमध्ये याचा वेगळा प्रश्न होता, "नॉर्मल कॉर्ड व्हर्टेक्सपाशी काटकोन करते". हे दोन्ही एकाच रेघेवर का येतात ते मला अजून नीट दिसत नाही. आकडे जुळतात एवढंच.

गणू_ठाकुर्ली | रात्री ११:३०

मग त्या रेघेने कापलेलं क्षेत्रफळही तिथेच सर्वात लहान असणार. सगळं तिथेच होतंय.

शीतल_बोरिवली | गुरुवार, रात्री ९:४०

गणू, लेकीने इंटिग्रेशन करून पाहिलं, नुकतंच शिकवलंय. दोन टोकांमधलं आडवं अंतर घ्या, त्याचा घन करा, सहाने भागा. 0.707 साठी साधारण १.५९ आलं. 0.5 साठी 4/3, म्हणजे १.३३. त्याच्या अलीकडे-पलीकडे दोन्हीकडे वाढतं. म्हणजे सर्वात कमी क्षेत्रफळ 0.5 ला, ०.७ ला नाही.

तिने माझ्याकडून दोनदा तपासून घेतलं. मी कॅल्क्युलेटरवर घन केला, तेवढा माझा वाटा.

गणू_ठाकुर्ली | रात्री ९:५५

आज माझा दिवस नाही.

टी_स्क्वेअर | रात्री १०:१०

लांबी एकीकडे थबकते आणि क्षेत्रफळ दुसरीकडे, हे कसं? बाई, काठीवालंच काहीतरी सांगा. काठी वळताना एका बाजूने क्षेत्रफळ घेते, दुसऱ्या बाजूने सोडते, एवढं मला दिसतंय. 0.5 ला घेणं-सोडणं सारखं होत असावं. पण ती वळते कुठल्या बिंदूभोवती, ते हाती लागत नाही.

परळच्या_बाई | रात्री १०:२५

बरोबर वाटेवर आहात. मी आज सांगत नाही. 0.5 ची रेघ आणि तिच्या अगदी शेजारची, समजा 0.51 ची, अशा दोन रेघा बोर्डावर टोकदार पेन्सिलीने काढा आणि त्या एकमेकींना कुठे छेदतात ते मोजा. काठीच्या कुठल्या भागात छेद येतो ते इथे लिहा.

शीतल_बोरिवली | रात्री १०:४०

इथे पेन्सिलीला टोक काढणं चालू झालंय.